एलयूटीवर निर्यात, जीएसटी क्रेडिट रिफंड: एफओबी अंशात घेतला, छेदात मात्र सीआयएफ. नोटीस आली आहे

ओतकाम_लेखा
मंडळी, आमच्याकडे कास्टिंगचे मशीन केलेले सुटे भाग बनतात. थोडा माल कर न भरता एलयूटीवर बाहेर जातो, बाकीचा देशातच विकला जातो. एका महिन्याचा न वापरलेल्या क्रेडिटचा रिफंड मागितला होता. आता आरएफडी-०८ ची नोटीस आली आहे आणि उत्तराला १५ दिवस आहेत. आकडे गोल करून देते.

निर्यातीची दोन बिले आहेत. हॅम्बुर्गचे भाडे-विम्यासकट सीआयएफ बिल ४२,००,००० चे, त्याच्या शिपिंग बिलावर भाडे-विम्याशिवायचा एफओबी ३६,००,०००. दुबईचे बिल मुळातच एफओबी अटीवर, १८,००,००० चे. देशांतर्गत विक्री ४०,००,०००, सगळी १८ टक्क्यांची. ३बी विवरणात घेतलेले क्रेडिट ११,४०,०००, त्यात एका मशीनचे २,४०,००० आहे. ते वगळून ९,००,००० धरले.

मी निर्यात गुणिले क्रेडिट भागिले एकूण विक्री असा हिशोब केला:

```
60,00,000 × 9,00,000 ÷ 1,00,00,000 = 5,40,000
```

अधिकाऱ्यांनी नोटिशीत ४,८६,००० च मान्य होतील असे लिहिले आहे. ५४,००० नामंजूर का करू नये, असा प्रश्न आहे. कुणाचे बरोबर?

निर्यातदार_जुना
ताई, घाबरू नका. ५,४०,००० चे ९० टक्के म्हणजे बरोबर ४,८६,०००. हा तात्पुरता रिफंड आहे. उरलेले १० टक्के कागदपत्रे तपासून नंतर सोडतात. नोटिशीची भाषा नेहमी कडकच असते.

ओतकाम_लेखा
नाही हो, तात्पुरता रिफंड आरएफडी-०४ ने येतो, तो आम्हाला आलेलाच नाही. ही आरएफडी-०८ आहे आणि त्यात "एफओबी मूल्य ५४,००,००० घेतले" असे स्पष्ट लिहिले आहे.

अंश_छेद
निर्यातदार काका, आकडा जुळतोय तो निव्वळ योगायोग. बिलांच्या एकूण ६० लाखांत भाडे-विमा ६ लाख आहे, म्हणजे नेमका दहावा हिस्सा. म्हणून ५४ भागिले १०० आणि ६० टक्क्यांचे ९० टक्के दोन्ही सारखे निघतात. भाडे ५ लाख असते तर हा गोंधळ झालाच नसता.

ताई, तुमचेही चुकले आहे आणि अधिकाऱ्यांचेही. आधी तुमचे.

नियम ८९(४) ला ५ जुलै २०२२ च्या अधिसूचना १४/२०२२ ने स्पष्टीकरण जोडले. निर्यात मालाची किंमत म्हणजे शिपिंग बिलावरचा एफओबी किंवा टॅक्स इन्व्हॉइसवरची किंमत, यांतली जी कमी असेल ती. हॅम्बुर्गसाठी ३६ लाख, दुबईसाठी १८ लाख, एकूण ५४ लाख. तुमचा अंश ६० लाख राहूच शकत नाही. समुद्रभाडे आणि विमा तुम्ही बिलात वसूल केला तरी या सूत्रात तो बसत नाही.

आता त्यांचे. स्पष्टीकरणाची सुरुवातच "या उपनियमाच्या प्रयोजनासाठी" अशी आहे. अंश आणि छेद दोन्ही त्याच उपनियमात आहेत. तोच माल वर ५४ लाखांचा आणि खाली ६० लाखांचा धरता येत नाही. १७ जुलै २०२३ चे परिपत्रक १९७/०९/२०२३ हेच सांगते: अॅडजस्टेड टोटल टर्नओव्हर, म्हणजे छेद, काढतानाही निर्यात मालाची किंमत याच स्पष्टीकरणाप्रमाणे घ्यायची.

```
54,00,000 × 9,00,000 ÷ (54,00,000 + 40,00,000)
= 54,00,000 × 9,00,000 ÷ 94,00,000
= 5,17,021
```

म्हणजे ५४,००० पैकी २२,९७९ सोडायचे आणि ३१,०२१ साठी भांडायचे.

कलम_पाहा
थोडा विरोध नोंदवतो. अॅडजस्टेड टोटल टर्नओव्हरची व्याख्या नियमात वेगळी आहे आणि ती थेट कलम २(११२) मधल्या राज्यातल्या उलाढालीकडे बोट दाखवते. ती उलाढाल म्हणजे बिलाची किंमत, भाड्यासकट. नियमातले स्पष्टीकरण कायद्यातली व्याख्या बदलू शकत नाही. अधिकाऱ्याने छेदात १ कोटी धरले ते अक्षरशः वाचले तर चूक म्हणता येणार नाही.

अंश_छेद
अक्षरशः वाचायचेच तर उलाढालीची व्याख्या कलम २(११२) ची असली तरी त्या उलाढालीत मालाची किंमत किती धरायची हे स्पष्टीकरण ठरवते, आणि तेही फक्त रिफंडच्या सूत्रापुरते. ३बी किंवा वार्षिक विवरणातली उलाढाल त्याने बदलत नाही.

तुमची रीत लावली तर काय होते ते बघा. एखाद्याची देशांतर्गत विक्री शून्य आहे, सगळा माल बाहेर जातो. अंश ५४, छेद ६०. त्याला दर महिन्याला दहा टक्के क्रेडिट कधीच मिळणार नाही, कारण देशात विक्रीच नसल्याने ते वापरायला दुसरा कर नाही. सूत्राचा हेतू निर्यातीच्या वाट्याचे क्रेडिट वेगळे काढणे एवढाच आहे, आणि शंभर टक्के निर्यातदाराचा वाटा शंभर टक्के यायलाच हवा.

कलम_पाहा
तत्त्वतः मान्य. पण परिपत्रकाने कायदा बदलत नाही, एवढेच म्हणणे होते.

खतावणी
परिपत्रक करदात्यावर बंधनकारक नसते, पण खात्याच्या अधिकाऱ्यावर असते. इथे ते करदात्याच्या बाजूचे आहे, त्यामुळे नोटिशीच्या उत्तरात ते एकटे पुरेसे आहे. कलम २(११२) चा वाद उच्च न्यायालयात रंगतो, आरएफडी-०९ मध्ये त्याची गरज नाही.

कलम_पाहा यांनी दाखवलेली फट खरी आहे, म्हणूनच अधिकारी तिथे अडतात. समोर ३बी असते. ३.१(अ) मध्ये ४० लाख, ३.१(ब) मध्ये ६० लाख, बेरीज १ कोटी. स्टेटमेंट ३ए मध्ये तुम्ही ९४ लाख लिहिले असते तरी "३बी शी जुळत नाही" असा शेरा आला असता. म्हणून ताळमेळाचा एक तक्ता जोडायचाच. एका बाजूला ३बी ची उलाढाल १,००,००,०००, वजा हॅम्बुर्गचे बिल आणि एफओबी यांतला फरक ६,००,०००, उरले ९४,००,०००. खाली शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, पोर्ट कोड. एका पानात संपते.

३बी मात्र बदलायला जाऊ नका. तिथे बिलाचीच किंमत बरोबर आहे.

बंदर_ते_बंदर
इन्व्हॉइसचा नंबर शिपिंग बिलाशी जुळत नसेल तर कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर SB005 त्रुटी येते. सीएचएला सांगून दुरुस्ती करून घ्या, पैसे थेट खात्यात येतात. यासाठी नोटिशीला उत्तर द्यायची गरजच नाही.

खतावणी
ते आयजीएसटी भरून केलेल्या निर्यातीचे, नियम ९६ चे. तिथे शिपिंग बिलच रिफंडचा अर्ज असते. ताईंनी कर न भरता एलयूटीवर माल पाठवला आहे, त्यांचा अर्ज आरएफडी-०१ आणि तो जीएसटी अधिकाऱ्यासमोर जातो. SB005 इथे येणारच नाही.

बंदर_ते_बंदर
अच्छा, मी घाईत वाचले. मग कस्टमच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, ती उपयोगी पडेल. शिपिंग बिलावरचे भाडे आणि विमा बरेचदा अंदाजाने भरलेले असतात. प्रत्यक्ष भाडे कमी लागले तरी शिपिंग बिलावर जास्तच राहते, आणि तेवढा एफओबी कमी दिसतो. सूत्रात तो कमी एफओबीच जाणार. फरक मोठा असेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते, पण निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेला कागद दाखवावा लागतो. नंतर बनवलेले पत्र चालत नाही. शिपिंग लाइनचे भाड्याचे बिल, विम्याचे प्रमाणपत्र, खरेदीदाराशी झालेला करार, असे काही.

ओतकाम_लेखा
हॅम्बुर्गचे भाडे खरेच तेवढे लागले आहे, तिथे दुरुस्तीला वाव नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून दुबईचे शिपिंग बिल नीट पाहिले. बिल १८,००,००० चे आहे आणि शिपिंग बिलावर एफओबी १८,१२,००० आहे! अटी एफओबीच्याच, मग जास्त कसे?

बंदर_ते_बंदर
विनिमय दर. डॉलरची रक्कम एकच असणार, तपासून बघा. बिलाला एका तारखेचा कस्टमचा दर लागला आणि शिपिंग बिल पुढच्या अधिसूचित दरात गेले. बिल महिन्याच्या सुरुवातीला आणि शिपिंग बिल थोडे उशिरा दाखल झाले की हे हमखास होते.

ओतकाम_लेखा
बरोबर, डॉलर सारखेच आहेत. मग "कमी ते" प्रत्येक बिलागणिक बघायचे की एकूण बेरजेवर? बिलागणिक घेतले तर ३६ + १८ = ५४ लाख. बेरजेवर घेतले तर एफओबी ५४,१२,००० आणि बिले ६० लाख, त्यांतले कमी ५४,१२,०००.

अंश_छेद
चांगला प्रश्न. स्टेटमेंट ३ ओळीओळीने भरायचे असते. बिलाचा नंबर, तारीख, किंमत, शिपिंग बिल, एफओबी, ईजीएम हे सगळे एका ओळीत येते. त्यामुळे बहुतेक अधिकारी ओळीगणिक कमी ते घेतात. नियमाची भाषाही त्या त्या मालाच्या किमतीबद्दल आहे असे मला वाटते.

कलम_पाहा
मला तसे वाटत नाही. सूत्रात "उलाढाल" आहे, एकेक बिल नाही. बेरजेवर तुलना करण्यालाही तितकाच आधार आहे.

अंश_छेद
असेलही. इथे फरक किती ते बघू.

```
54,12,000 × 9,00,000 ÷ 94,12,000 = 5,17,510
```

ओळीगणिक ५,१७,०२१ येतात, फरक ४८९ रुपयांचा. एवढ्यासाठी मुख्य मुद्दा पातळ करू नका. उत्तरात ५४ लाखच धरा. महिन्याला पन्नास शिपिंग बिले असणाऱ्याने मात्र हा प्रश्न आपल्या सल्लागाराबरोबर बसून ठरवावा.

पितळी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे पण सूत्र तेच. आम्ही पितळेचे भाग करतो. एप्रिलमध्ये कच्चा माल घेतला, क्रेडिट ९ लाख, निर्यात शून्य, देशात विक्री ३० लाख. मे मध्ये क्रेडिट १ लाख, निर्यात ५० लाख (एफओबी), देशात १० लाख. फक्त मे चा अर्ज केला तर ५० × १ ÷ ६०, म्हणजे ८३,३३३ च येतात. दोन्ही महिने एकत्र केले तर ५० × १० ÷ ९०, म्हणजे ५,५५,५५६. एकत्रच करायचे ना?

निर्यातदार_जुना
अर्थात एकत्र. महिने जोडता येतात, आता आर्थिक वर्ष ओलांडूनही जोडता येतात. ५,५५,५५६ तुमचे झाले.

खतावणी
जोडता येतात हे बरोबर. वर्ष ओलांडायची बंदी ३१ मार्च २०२० च्या परिपत्रक १३५ ने उठवली. पण सूत्रातून आलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा आहे. मिळते ती तीन आकड्यांतली सर्वांत लहान रक्कम: सूत्राची रक्कम, अर्जाच्या कालावधीतल्या शेवटच्या महिन्याचे ३बी भरल्यावर क्रेडिट लेजरमध्ये उरलेली शिल्लक, आणि अर्ज भरायच्या दिवशीची शिल्लक.

पितळी, तुमचा लेजर चालवून बघू. सुरुवातीची शिल्लक शून्य धरली. एप्रिलचे क्रेडिट ९ लाख, देशातल्या ३० लाखांवर १८ टक्क्यांनी कर ५.४ लाख, उरले ३.६ लाख. मे मध्ये १ लाख आले, १० लाखांवर १.८ लाख गेले, उरले २.८ लाख. सूत्र ५.५५ लाख म्हणाले तरी मिळतील २,८०,०००. तरी ८३,३३३ पेक्षा हे कितीतरी चांगले.

आणि जूनचे ३बी भरून मग अर्ज करणार असाल तर जूनच्या करात तीही शिल्लक खाल्ली जाईल. मे चे ३बी भरल्याबरोबर अर्ज करा. अर्ज भरताच तेवढी रक्कम लेजरमधून डेबिट होते आणि नंतरच्या करापासून वाचते.

पितळी
म्हणजे देशातला कर रोखीने भरला असता तर?

खतावणी
तर शिल्लक जास्त राहिली असती आणि रिफंडही वाढला असता, ५.५५ लाखांपर्यंत. पण रोख आज गेली असती आणि रिफंड पुढे कधीतरी आला असता. रोखीची चणचण नसेल तरच परवडते. बहुतेकांना परवडत नाही.

ओतकाम_लेखा
आमची शिल्लक तपासली. सुरुवातीला ३,००,०००, त्यात ११,४०,००० आले, देशातल्या विक्रीवर ७,२०,००० गेले, महिनाअखेर ७,२०,०००. ५,१७,०२१ पेक्षा जास्त आहे, म्हणजे तिथे अडचण नाही ना? मशीनचे २,४०,००० शिल्लकीतून वजा करायचे का?

अंश_छेद
नाही. मशीनचे क्रेडिट नेट आयटीसीत येत नाही, कारण नियमात फक्त कच्चा माल आणि सेवा यांचे क्रेडिट धरले आहे. पण लेजरला मशीनचे क्रेडिट आणि लोखंडाचे क्रेडिट वेगळे कळत नाही. ते देशातल्या कराला वापरता येते आणि शिल्लकीच्या तुलनेतही वेगळे काढायचे नाही. दोन वेळा वजा करणारे लेखापाल बरेच भेटतात.

डेबिटचा क्रम पोर्टल पाहते: आधी आयजीएसटी असेल तेवढा, मग सीजीएसटी आणि एसजीएसटी समसमान, एकात कमी पडले तर दुसऱ्यातून.

सेवा_बाहेरगावी
मी परदेशी ग्राहकांना सॉफ्टवेअरची देखभाल पुरवतो. शिपिंग बिलच नाही, मग माझा एफओबी कोणता घ्यायचा? मार्चमध्ये बिल दिले, पैसे एप्रिलमध्ये आले. मार्चची उलाढाल धरून अर्ज केला आहे.

अंश_छेद
सेवेला एफओबी नाही. सेवेच्या अंशात त्या कालावधीत आलेले पैसे धरतात, बिल नाही. आधी आगाऊ मिळालेल्या आणि आता पूर्ण झालेल्या कामाची रक्कम मिळवायची, या कालावधीत आगाऊ आलेल्या पण काम न झालेल्या पैशांची वजा करायची. तुमचे पैसे एप्रिलचे, म्हणजे अंशही एप्रिलचा. अॅडजस्टेड टोटल टर्नओव्हरमध्येही निर्यात सेवा याच पद्धतीने मोजायच्या.

मार्चच्या अर्जात अंश शून्य निघेल. दोन्ही महिने जोडता आले असते तर सोपे झाले असते. एफआयआरसी जोडायला विसरू नका. मालाच्या अर्जाला तो लागत नाही, सेवेला लागतो.

सेवा_बाहेरगावी
अर्ज अजून तपासणीत आहे. आता काय?

खतावणी
तात्पुरत्या रिफंडचा, अंतिम, पेमेंटचा किंवा रिफंड रोखण्याचा आदेश किंवा आरएफडी-०८ नोटीस यांतले काही निघाले नसेल तर अर्ज मागे घेता येतो, आरएफडी-०१डब्ल्यू ने. डेबिट झालेली रक्कम लेजरला परत येते. त्यातले काही निघाले असेल तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचा मुद्दा हरवेल.

निर्यातदार_जुना
एक विचारतो. आमच्या मालाला देशात भाव कमी मिळतो. १.५ पटीची जी अट आहे, ती या एफओबीच्या वर लागते की खाली?

कलम_पाहा
२३ मार्च २०२० च्या अधिसूचना १६/२०२० ने ती अट आली: निर्यातीची किंमत किंवा देशातल्या तशाच मालाच्या किमतीची दीडपट, कमी ते. आधी एफओबी आणि बिल यांतले कमी काढायचे, मग त्याची दीडपटीशी तुलना. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये टोंबो इमेजिंगच्या प्रकरणात ही अट रद्द केली. इतर राज्यांतले अधिकारी ती लावतातच. महाराष्ट्रात काय करायचे यावर सल्लागारांत एकमत नाही. कर्नाटकचा निवाडा उत्तरात जोडणे एवढे तरी करा.

ओतकाम_लेखा
आमच्या मालाचा देशातला भाव निर्यातीच्या जवळपासच आहे, तो प्रश्न नाही. आता उत्तर कसे लिहू? पूर्ण ५,४०,००० मागायचे की सरळ ५,१७,०२१?

खतावणी
सरळ ५,१७,०२१. पूर्ण मागितलेत तर अधिकारी तुमच्या चुकीच्या भागावर लिहितील आणि बरोबर भाग त्यात वाहून जाईल. पहिल्याच परिच्छेदात लिहा की अंशात एफओबी ५४ लाख मान्य आहे आणि त्यापुरते २२,९७९ सोडत आहोत. दुसऱ्यात लिहा की छेदात निर्यातीची तीच किंमत घ्यायची आहे, आधार परिपत्रक १९७/०९/२०२३. तिसऱ्यात सूत्राच्या तीन ओळी. ताळमेळाचा तक्ता, दोन्ही शिपिंग बिले, दोन्ही इन्व्हॉइस, स्टेटमेंट ३ आणि सुधारित ३ए जोडा. सुनावणी मागा, उत्तर अपलोड करून विसरून जाऊ नका.

एक विचारू? ९,००,००० मधली सगळी बिले २बी मध्ये दिसतात ना? अधिकारी एका मुद्द्यावर हरले की दुसरा शोधतात.

ओतकाम_लेखा
एका पुरवठादाराचे बिल त्या महिन्याच्या २बी मध्ये नव्हते, पुढच्या महिन्यात आले. आम्ही क्रेडिटही पुढच्याच महिन्यात घेतले, ९ लाखांत ते नाही.

खतावणी
मग ठीक. क्रेडिट ज्या महिन्यात घेतले त्याच महिन्याच्या नेट आयटीसीत ते जाते, बिल कितीही जुने असो. पुढच्या अर्जात ते येईलच. अॅनेक्शर बी मध्ये त्या बिलाची तारीख आधीच्या महिन्याची दिसेल, तेव्हा प्रश्न आला तर हेच उत्तर द्या.

अंश_छेद
अजून एक गोष्ट, ती बऱ्याच जणांकडून निसटते. आरएफडी-०६ आदेशात काही रक्कम नामंजूर झाली की ती लेजरला पीएमटी-०३ ने परत मिळते, पण त्याआधी अपील करणार नाही असे हमीपत्र द्यावे लागते. आदेशात जर ५४,००० नामंजूर झाले आणि लेजरला पैसे लगेच हवेत म्हणून तुम्ही हमीपत्र देऊन टाकलेत, तर ३१,०२१ चा वाद तिथेच संपला. आदेश आला की आधी आकडा बघा. ४,८६,००० असेल तर हमीपत्र देऊ नका, कलम १०७ खाली तीन महिन्यांत अपील करा.

ओतकाम_लेखा
आणि ३१,०२१ साठी अपील परवडेल का?

अंश_छेद
एका महिन्यासाठी कदाचित नाही. पण तुमचे सीआयएफचे बिल दर महिन्याला जात असेल तर हाच छेद दर महिन्याला लागेल. एक आदेश हातात असला की पुढच्या अर्जांना त्याची प्रत जोडता येते.

कलम_पाहा
त्यापेक्षा खरेदीदाराशी बोलून एफओबी अटीवर या. भाडे त्याने भरले की बिल आणि एफओबी एकच, वादच नाही.

बंदर_ते_बंदर
सांगणे सोपे आहे. जर्मनीचा खरेदीदार भाडे स्वतः ठरवायला तयार असता तर सीआयएफ कशाला झाले असते. भाड्याची कमाईही निर्यातदार सोडत नाही.

ओतकाम_लेखा
तेच. खरेदीदार बदलणार नाही. ताळमेळाचा तक्ता बनवला आहे. हॅम्बुर्गची ओळ वेगळी, दुबईची वेगळी, दुबईत १८,००,००० च धरले आणि शेजारी १८,१२,००० लिहून "विनिमय दरातील फरक" असा शेरा दिला. सोमवारी आरएफडी-०९ भरते. सुनावणी ठरली की इथे लिहीन.

पितळी
खतावणी साहेब, मे चे ३बी काल भरले. लेजरला २,८०,००० च आहेत. अर्ज आजच करतो.